दोन ओळी वर, बाकीचं पहिल्या कॉमेंटमध्ये

माझ्या मामांची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. मार्च उजाडला की बागेचं इन्स्टाग्राम खातं मी पुण्यात बसून सांभाळते. फोटो तिकडून येतात, मजकूर मी लिहिते, आणि पेट्यांची नोंदणी व्हॉट्सअ‍ॅपवर मामेभाऊ घेतो. काम एवढंच, पण त्यातला एक भाग मला फार शिकवून गेला: फोटोखाली काय लिहायचं आणि काय तिथून उचलून पहिल्या कॉमेंटमध्ये ठेवायचं.

आधी मजकूर मामेभाऊ लिहायचा. त्याच्या कॅप्शनमध्ये सगळं असे. देवाचं नाव, बागेचा इतिहास, रासायनिक पावडर न वापरता आंबा पिकवतो ही खात्री, डझनाचे भाव, फळाचं वजन, पुणे-मुंबई-कोल्हापूरला गाडी कोणत्या वारी येते, पैसे कसे पाठवायचे, दोन फोन नंबर, आणि शेवटी हॅशटॅगची रांग. मामांनी एकदा फोन डोळ्यांपासून लांब धरून ते वर सरकवत सरकवत पाहिलं आणि म्हणाले, "एवढा सगळा कोण वाचतलो गो?" वाचत कोणी नव्हतंच. कॉमेंटमध्ये रोज तोच प्रश्न यायचा: "पुण्यात मिळेल का?" उत्तर कॅप्शनच्या नवव्या-दहाव्या ओळीत लिहिलेलं होतं.

याचं कारण सरळ आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शन 2,200 अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फीडमध्ये सरकताना त्यातल्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. इंग्रजीत तो भाग साधारण सव्वाशे अक्षरांचा धरतात. पुढचं वाचायचं तर "more" वर बोट टेकवावं लागतं, आणि आंब्याच्या दिवसांत एकामागून एक बागांच्या पोस्ट येत असताना ते बोट कशाला टेकवेल? मामेभावाच्या पहिल्या दोन ओळी देवाला नमस्कार आणि ग्राहकांना शुभेच्छा यांत संपत होत्या. आंबा कुठला, कुठे मिळणार आणि कधीपर्यंत सांगायचं, हे तिन्ही घडीच्या आत राहत होतं.

मी पहिली कॉमेंट वापरायला लागले ती हॅशटॅगमुळे. तेव्हा एका पोस्टवर 30 टॅग चालत. ते कॅप्शनमध्ये घातले की निळ्या अक्षरांचा एक मोठा पट्टा दिसायचा आणि त्यात आमचा फोन नंबर हरवायचा. फोटोग्राफर मंडळी कॅप्शन संपल्यावर एकाखाली एक टिंबं टाकून टॅग खाली ढकलत, ते मी पाहिलं होतं. त्यापेक्षा पोस्ट टाकताक्षणी आपणच खाली एक कॉमेंट करायची आणि सगळे टॅग त्यात ठेवायचे, ही रीत मला स्वच्छ वाटली. खातं सार्वजनिक असेल तर पोस्ट टाकणाऱ्याने स्वतःच्या कॉमेंटमध्ये दिलेला टॅगही त्या पोस्टला लागतो. दुसऱ्या कोणी आपल्या पोस्टखाली टॅग लिहिला तर तो मात्र लागत नाही. आमच्याकडे नातेवाईक प्रेमाने "#देवगडहापूस" लिहून जात, त्याचा शोधासाठी उपयोग शून्य होता.

मराठीत लिहिणाऱ्याला या रीतीचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. इंग्रजीत चालू वाक्यातल्या शब्दामागे चिन्ह लावलं तरी शब्द तसाच राहतो. आपल्याकडे नामाला विभक्ती चिकटते. "यंदा आमच्या #देवगडच्या #हापूसला उशिरा मोहोर आला" असं लिहिलं की टॅग तयार होतात "#देवगडच्या" आणि "#हापूसला". ते कोण शोधणार? टॅग म्हणजे अक्षरन् अक्षर जुळणारी पाटी. "#हापूस" या पानावर "#हापूसला" असलेली पोस्ट येत नाही. वाक्य चांगलं ठेवायचं तर टॅग बिघडतो, टॅग नीट ठेवायचा तर वाक्य लंगडं होतं. कॉमेंटमध्ये शब्द सुटा, मूळ रूपात ठेवता येतो आणि वर कॅप्शनमध्ये मराठी मराठीसारखं राहतं. जोडशब्दांची काळजी मात्र घ्यावी लागते. "#देवगड हापूस" असं मध्ये जागा सोडून लिहिलं तर टॅग "देवगड"पाशीच तुटतो. म्हणून कॉमेंट टाकल्यावर प्रत्येक टॅग शेवटच्या अक्षरापर्यंत निळा झाला आहे ना, हे मी डोळ्यांनी पाहत असे.

दृष्टी नसलेले आमचे एक जुने ग्राहक आहेत, शिक्षक. ते फोनवर टॉकबॅक लावून पोस्ट ऐकतात. टॅग खाली गेल्यानंतर पहिल्याच हंगामात ते म्हणाले, "ताई, आता तुमची पोस्ट ऐकून संपते." तोवर त्यांना प्रत्येक पोस्टमागे त्या चिन्हाचं नाव आणि जोडून लिहिलेले शब्द ओळीने ऐकावे लागत होते. मी टॅग दिसायला वाईट म्हणून हलवले होते, ते ऐकायलाही जड असतात हे त्यांच्यामुळे कळलं. तेव्हापासून फोटोचं वर्णनही मी त्यासाठीच असलेल्या पर्यायी मजकुराच्या चौकटीत लिहिते.

टॅगांच्या मागोमाग तपशीलही खाली न्यायचा मोह झाला, आणि इथे विचार करावा लागला. सगळंच खाली ढकललं तर वर फक्त "आंबा आला रे!" उरतं, आणि तेही उपयोगाचं नाही. मी मामेभावाला विचारलं, "पेटी घ्यायची की नाही हे ठरवायच्या आधी लोक काय विचारतात आणि ठरवल्यानंतर काय विचारतात?" त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने निरोप चाळून सांगितलं. आधी विचारतात: कुठला आंबा, आमच्या गावी येतो का, कधी येतो, केव्हापर्यंत सांगायचं. नंतर विचारतात: पेटीत किती, फळ केवढं, पैसे कसे, पिकवायचा कसा. मी ती रेघ तशीच मान्य केली. पहिल्या गटातलं वर, दुसऱ्या गटातलं खाली.

पुण्याच्या एका खेपेचं कॅप्शन असं होतं:

"शनिवारी पुण्यात: देवगडचा हापूस, आमच्या बागेतला. नोंदणी गुरुवारी संध्याकाळपर्यंत. पेटी, वजन आणि पिकवण्याची माहिती पहिल्या कॉमेंटमध्ये."

आणि पहिली कॉमेंट अशी:

"पेटी 5 डझनांची, फळ साधारण 225 ते 250 ग्रॅमचं. आंबा कडक आणि हिरवट येईल. गवतात एका थरात पसरा, हवा खेळू द्या, वास सुटेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका. आधी तयार होतील ते आधी काढा. कापल्यावर साका निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ. पैसे पेटी मिळाल्यावर."

कॅप्शनची सुरुवात वाराने आहे, कारण पुण्यातल्या माणसाचा अंगठा "शनिवारी पुण्यात" या दोन शब्दांवर थांबतो. "देवगडचा हापूस" सगळेच म्हणतात. शेवटचं वाक्यही तितकंच गरजेचं आहे. खाली काही लिहून ठेवलं आहे हे वर सांगितलं नाही तर खाली कोणी जात नाही. आणि नुसतं "माहिती कॉमेंटमध्ये" पुरत नाही. कसली माहिती ते नाव घेऊन सांगावं लागतं. "पिकवण्याची माहिती" हे शब्द घातल्यापासून कच्च्या फळाची तक्रार करणारे फोन उतरले. आंबा पोहोचतो तेव्हा कडक असतो, हे कोकणाबाहेरच्या नव्या ग्राहकाला माहीत नसतं. तो पेटी उघडतो, हिरवं फळ बघतो आणि फसवणूक झाली असं समजतो.

टॅग या कॉमेंटला जोडायचे नाहीत, त्यांची दुसरी कॉमेंट करायची, हे मी लवकर ठरवलं. तपशील माणसाने वाचायचा असतो, त्याच्या शेपटीला टॅग लावले की तोही न वाचताच सोडला जातो. शिवाय त्या काळात टॅग 30 च्या वर गेले तर ती कॉमेंट पडतच नसे. टॅग आणि तपशील एकत्र असले तर टॅगांपायी पिकवण्याची माहितीही अडकून बसायची.

तेव्हा करायची पद्धत अशी होती. दोन्ही कॉमेंट आदल्या रात्री फोनच्या नोंदवहीत लिहून ठेवायच्या. पोस्ट गेली की लगेच पहिली चिकटवायची, मग टॅगांची. मध्ये चहा प्यायला उठायचं नाही, कारण पोस्ट पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे येतात ते बहुतेक आपले जुने ग्राहकच असतात. त्यांनी कॅप्शनमध्ये "पहिल्या कॉमेंटमध्ये" वाचलं आणि खाली काहीच नसलं तर ते पुन्हा येत नाहीत. बागेतून पोस्ट टाकण्याचा आग्रह मामेभावाचा असायचा, पण तिथे रेंज ये-जा करते. फोटो जातो आणि कॉमेंट लटकते. म्हणून टाकायचं काम पुण्यातूनच होतं. आणि रोज तोच टॅगांचा गठ्ठा जसाच्या तसा चिकटवणं मी टाळत असे. एकच मजकूर सारखा सारखा पडत राहिला तर इन्स्टाग्राम तो स्पॅम समजून अडवू शकतं, आणि खरं म्हणजे मुंबईच्या खेपेला पुण्याचे टॅग लावून उपयोगही काय?

या रीतीला मर्यादा आहेत आणि त्या धंद्यात लवकर जाणवतात. पहिली मर्यादा अशी की पहिली कॉमेंट पहिलीच राहील याची खात्री नसते. इन्स्टाग्राम कॉमेंटचा क्रम स्वतः लावतं. चाळीस लोकांनी "भाव काय?" विचारलं की आपली माहिती कुठेतरी मध्येच सापडते. त्यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे एखाद्या ग्राहकाचाच चांगला प्रश्न पिन करणं. "आंबा कच्चा येतो का हो?" असा प्रश्न आला की त्याखाली मी पूर्ण उत्तर देते आणि तो प्रश्न वर टाचून ठेवते. लोक दुकानदाराच्या सूचनेपेक्षा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न आवडीने वाचतात.

दुसरी मर्यादा भावाची. हापूसचा भाव पाडव्याला एक असतो आणि मे महिन्यात आवक वाढली की उतरतो. कॅप्शन टाकल्यानंतरही दुरुस्त करता येतं. कॉमेंटच्या बाबतीत आमचा मार्ग जुनी पुसून नवी टाकण्याचा होता. पण कॉमेंट पुसली की तिच्याखालचे ग्राहकांचे प्रश्न आणि आपली उत्तरंही जातात, आणि नवी कॉमेंट जुन्यांच्या गर्दीत मागाहून येते. म्हणून जे बदलणार आहे ते कॅप्शनमध्ये आणि जे हंगामभर तेच राहणार आहे ते कॉमेंटमध्ये, असं मी वाटून टाकलं. भाव आणि "या खेपेची नोंदणी संपली" ही सूचना कायम वर. पेटीचं माप आणि पिकवण्याची रीत कायम खाली.

तिसरी मर्यादा मला सर्वांत मोठी वाटते: कॉमेंट पोस्टबरोबर प्रवास करत नाही. आमचा निम्मा धंदा सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून येतो. एखादी काकू पोस्टचा दुवा किंवा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकते. त्यात फोटो दिसतो, कॅप्शनचा वरचा तुकडा दिसतो, खालची कॉमेंट दिसत नाही. कोणी पोस्ट आपल्या स्टोरीत लावली तरी तेच. तीच पोस्ट फेसबुकच्या पानावर गेली तर इन्स्टाग्रामवरची पहिली कॉमेंट मागेच राहते, तिथे ती हाताने वेगळी टाकावी लागते. म्हणून नोंदणीचा नंबर आम्ही फोटोवरच छापतो आणि खात्याच्या परिचयातही ठेवतो. नोंदणीची शेवटची तारीख कॅप्शनमधून कधीही हलवत नाही. "आम्हाला कळलंच नाही गुरुवारपर्यंत सांगायचं होतं" असं ग्राहक म्हणतो तेव्हा त्याचं बरोबर असतं.

एका गोष्टीला पहिल्या कॉमेंटमध्ये मी जागा देत नाही, मग कोणी कितीही सांगितलं तरी. खाद्यपदार्थांबद्दल लिहिणाऱ्या एका खात्याला मामांनी पेटी भेट दिली होती. त्यांनी सुंदर फोटो टाकला, आंब्याचं कौतुक केलं, आणि पेटी भेट मिळाल्याचा उल्लेख टॅगांच्या गर्दीत पहिल्या कॉमेंटमध्ये ठेवला. मी त्यांना विनंती केली की तो कॅप्शनच्या सुरुवातीला आणा. भारतात जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा उल्लेख ठळक आणि चटकन दिसेल असा हवा, हॅशटॅगच्या ढिगात दडलेला चालत नाही, आणि फुकट मिळालेली वस्तूही त्यात मोडते. त्यांनी तो लगेच वर आणला. नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आमचा आंबा भेट म्हणून खाल्ला की विकत घेऊन, हे वाचणाऱ्याला आधी कळायला हवं.

आता मूळ प्रश्न राहिला: खाली ठेवलेले टॅग खरंच ग्राहक आणतात का? मी आकडेवारीच्या पानावर हंगामभर ते पाहत आले. "#mango" सारख्या जगभरच्या टॅगवर आमची पोस्ट क्षणात बुडते. "#देवगडहापूस" सारख्या नेमक्या टॅगवरून थोडे लोक येतात, पण येतात ते विचारपूस करतात. त्याहून जास्त लोक ओळखीच्या माणसाने पुढे पाठवल्यामुळे येतात. इन्स्टाग्रामनेही ऑगस्ट 2021 मध्ये शोध कसा चालतो ते सांगताना स्पष्ट लिहिलं की पोस्ट शोधात सापडायची असेल तर नेमके शब्द आणि हॅशटॅग कॉमेंटमध्ये नव्हे, कॅप्शनमध्ये असावेत. त्याच वर्षी त्यांनी तीन ते पाच टॅग पुरेत असा सल्लाही दिला. डिसेंबर 2024 मध्ये तर हॅशटॅगला फॉलो करण्याची सोयच बंद झाली.

हे वाचून मी रीत सोडली नाही, पण टॅगांची दुसरी कॉमेंट बंद केली. ज्या दोन-तीन शब्दांनी आम्हाला सापडायचं आहे ते, म्हणजे "देवगड", "हापूस" आणि गावाचं नाव, आता कॅप्शनच्या साध्या वाक्यातच येतात. वरच्या नमुन्यात ते आधीच आहेत, बघा. त्यांच्यानंतर एका ओळीत सुटे तीन टॅग: "#देवगडहापूस #हापूस #devgadhapus". शेवटचा रोमन लिपीतला, कारण परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात राहणारी आपली माणसं बरेचदा तसंच टाइप करतात. तीन टॅगांनी कॅप्शनची शोभा जात नाही. पहिली कॉमेंट मात्र राहिली, पेटीच्या मापासाठी, पिकवण्यासाठी, साक्यासाठी. मुळात ती टॅग लपवण्यासाठी सुरू झाली होती, आणि आज तिच्यात एकही टॅग नाही.

घरगुती मसाले, पैठण्या, दिवाळीचा फराळ असं काही तुम्ही इन्स्टाग्रामवर विकत असाल तर पुढची पोस्ट टाकल्यावर एक करा. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याच्या फोनवर ती उघडा, "more" ला हात न लावता वाचायला सांगा आणि विचारा: काय आहे, कुठे मिळेल, कधीपर्यंत सांगायचं? या तिन्हींची उत्तरं त्यांनी दिली, तर उरलेलं सगळं खुशाल पहिल्या कॉमेंटमध्ये न्या.